स्लाइडमधलं मराठी पीडीएफ करताना फुटतंय, कोणता फॉन्ट टाकू?

शिवारफेरी | सोमवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाई तालुक्यात पाणलोटाचं काम करते. शुक्रवारी पंचायत समितीच्या बैठकीत आमचं सादरीकरण आहे, 34 स्लाइडचं. पहिल्या अकरा स्लाइड आमच्या सरांनी निवृत्त व्हायच्या आधी केलेल्या, पुढच्या मी माझ्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये केल्या. लॅपटॉपवर सगळं सरळ दिसतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र लिनक्स आहे आणि त्यात लिबरऑफिस इम्प्रेस. तिथं फाईल उघडली, पीडीएफ केली आणि डोक्याला हात लावून बसले.

पहिल्या अकरा स्लाइडवर मराठीचा पत्ताच नाही. मथळ्यात असं आलंय:

```
ty;qDr f'kokj
```

बाराव्यापासून पुढं मराठी आहे, पण अक्षराचं वळणच वेगळं. ओळी लांबल्यात आणि तीनचार स्लाइडवर शेवटची ओळ चौकटीखाली लोंबतेय. एका ठिकाणी "अॅप" लिहिलंय, तिथं अ च्या पुढं ठिपक्याठिपक्यांचा गोल आलाय.

माझा प्रश्न साधा आहे. असा कोणता फॉन्ट टाकू की सगळं एकदम नीट होईल?

---

लातूरची_तूर | सोमवार, रात्री 9.52

ty;qDr f'kokj हे आमच्याकडं तूर काढताना चुलता म्हणतो तसलं काहीतरी वाटालंय. पहिला नंबर माझा, आता जाणकार येतीलच.

---

रेमिंग्टनकाका | सोमवार, रात्री 10.05

अहो, हे तर "जलयुक्त शिवार" आहे! t म्हणजे ज, y म्हणजे ल, ; म्हणजे य, q हा उकार, D अर्धा क आणि r म्हणजे त. पुढे f ही पहिली वेलांटी, 'k चा श, o चा व, k काना, j चा र.

परभणीला कचेरीत आयुष्यभर हेच बडवलं. कृतीदेव आहे तो. रेमिंग्टनच्या मशीनवर ज्याची बोटं बसली, त्याला हा फॉन्ट नसला तरी वाचता येतो. आमच्या सौ. म्हणतात की तुम्हाला वर्तमानपत्र वाचायला चष्मा लागतो आणि हा कचरा बिनचष्म्याचा वाचता.

ताई, तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कृतीदेव टाका. दोन मिनिटांचं काम.

---

आडस_रोड | सोमवार, रात्री 10.20

एवढं पण करायची गरज नाही. पॉवरपॉइंटमध्ये File, Options, Save, तिथं खाली "Embed fonts in the file" ला टिक करा. फॉन्ट फाईलीसोबतच जातो. मी दरवेळी हेच करतो, कधी अडचण आली नाही.

---

फ्लेक्सवाला_उदगीर | सोमवार, रात्री 10.48

आमच्याकडं पण हाच लोचा. गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर मजकूर पाठवतं, आम्ही कोरलमध्ये टाकतो आणि वाढदिवसाच्या बॅनरवर नुसते चौकोन. मग श्रीलिपीत परत टाईप करत बसायचं. ताई, बॅनरची साईज सांगा, 10 बाय 6 असेल तर सकाळपर्यंत देतो.

---

शिवारफेरी | सोमवार, रात्री 10.55

@फ्लेक्सवाला_उदगीर दादा, बॅनर नाही हो, प्रोजेक्टरवर दाखवायचंय. 🙂

काका, तुमच्या डोळ्यांना दंडवत. पण बैठकीनंतर हीच पीडीएफ सगळ्या ग्रामपंचायतींना जाणार. ती मोबाईलवर उघडली की तिथं कृतीदेव कुठनं येणार?

---

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी 7.15

ताई, तुम्ही "एक फॉन्ट सांगा" म्हणता, पण तुमच्या फाईलीत दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषध एक नाही. मी जालन्यात दहाबारा वर्षं डीटीपी केलं, आता एका ऑफिसात हीच निस्तरानिस्तरी करतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या अकरा स्लाइडमध्ये मराठी नाहीच. फाईलीत खरोखर t, y, ; हीच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत. कृतीदेव त्या t ला ज चं चित्र चढवतो, इतकंच. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खालचं इंग्रजी उघडं पडलं. म्हणून इथं कितीही चांगला नवा फॉन्ट लावला तरी ty;qDr चं ty;qDr च राहणार. आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करायचा, मग फॉन्टचं बोलायचं. पुष्कळ जण Replace Fonts मध्ये जाऊन कृतीदेवच्या जागी मंगल टाकतात आणि "झालं नाही" म्हणून परत येतात. ते होणारच नसतं.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कृतीदेव असलेल्या मशीनवरून पीडीएफ काढली तर फॉन्ट पीडीएफच्या पोटात जातो आणि मोबाईलवरसुद्धा ती नीट दिसेल. पण त्या पीडीएफमध्ये कुणी "शिवार" शोधलं तर सापडणार नाही, कारण आत f'kokj आहे.

बाराव्या स्लाइडपासून मजकूर युनिकोडच आहे, तिथली भानगड वेगळी. एक काम करा. लॅपटॉपवर बाराव्या स्लाइडवरच्या कुठल्याही मराठी शब्दात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते इथं लिहा.

---

शिवारफेरी | मंगळवार, सकाळी 8.30

Calibri दिसतंय. पण सर, मी मराठीसाठी कुठलाच फॉन्ट निवडलेला नाही. नवी स्लाइड घेतली, कीबोर्ड मराठी केला आणि लिहीत गेले.

---

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी 8.50

सापडलं. कॅलिब्रीत देवनागरी नाही. म्हणजे चौकटीतलं नाव कॅलिब्रीचं, आणि पडद्यावर दिसणारं अक्षर दुसऱ्याच कुणाचं तरी. विंडोजला कॅलिब्रीत "म" मिळाला नाही म्हणून त्यानं आपल्याजवळचा मंगल नाही तर निर्मला उचलून दिला, तुम्हाला न सांगता. ऑफिसातल्या लिनक्सला हीच अडचण आली, त्यानं लोहित किंवा नोटो दिला. ज्याच्या घरी जे असेल ते ताटात. या प्रत्येकाची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. म्हणून तुमची ओळ चौकटीबाहेर लोंबली.

खात्री करायची असेल तर pptx ची एक प्रत काढून तिचं शेपूट zip करा आणि उघडा. आत ppt/slides मध्ये प्रत्येक स्लाइडची फाईल असते. त्यात मजकुराच्या आधी साधारण असं दिसेल:

```
<a:latin typeface="Calibri"/>
<a:cs typeface="Calibri"/>
```

latin ही इंग्रजीची खुर्ची, cs ही देवनागरी, अरबी असल्या लिप्यांची. तुमच्या फाईलीत cs च्या खुर्चीवर एक तर कॅलिब्री बसलेला असेल, नाही तर ती रिकामी असेल. कारभार दोन्हीकडे सारखाच.

@आडस_रोड, तुमच्या टिकचं म्हणून सांगतो. फाईलीत ज्या फॉन्टचं नावच नाही तो फाईलीसोबत जाईल, असा भरवसा कसा धरायचा? शिवाय ज्याच्या परवान्यात बंदी आहे तो फॉन्ट फाईलीत बसत नाही. टिक चांगली आहे, पण फॉन्ट नावानिशी लावल्यानंतर.

---

आडस_रोड | मंगळवार, सकाळी 9.10

मान्य. मी नेहमी मंगल हातानं निवडतो, म्हणून मला चाललं असेल. पण मग हे सांगा, पॉवरपॉइंट ते पॉवरपॉइंट कधीच अडचण का येत नाही?

---

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी 9.25

दोन्ही विंडोजवर उसनं देणारा एकच, म्हणून.

---

गोदातीर | मंगळवार, दुपारी 1.40

नांदेडहून. आमच्या शाळेत सगळी लिनक्सच आहे, म्हणून इम्प्रेसच्या बाजूचं सांगतो. ताई, इम्प्रेसमध्ये फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरात दिसत असेल तर तो फॉन्ट मशीनवर नाही असं समजा. दुसरं म्हणजे इम्प्रेसमध्येसुद्धा देवनागरीचा फॉन्ट वेगळा असतो. Tools, Options मध्ये भाषांच्या पानावर "Complex text layout" ला टिक करा. मग Format मधल्या Character मध्ये पाश्चात्त्य फॉन्टच्या खाली दुसरा रकाना उघडतो. मराठी तिथून बदलायची. आमच्या गुरुजींनी वरचाच रकाना दहा वेळा बदलला आणि इम्प्रेसला शिव्या घातल्या.

आणि फॉन्ट कोणता म्हणाल तर मुक्ता. फुकट आहे, परवाना खुला आहे, विंडोज, लिनक्स दोन्हीकडं टाकता येतो आणि गूगल स्लाइड्सच्या यादीतही आहे. तिथं आपला फॉन्ट चढवता येत नाही, त्यामुळं यादीतलाच घेतलेला बरा.

---

पैठणीचा_काठ | मंगळवार, दुपारी 2.15

मुक्ताला माझा विरोध आहे. म्हणजे अक्षर सुंदरच आहे, पण ओळीची उंची भरपूर. भरगच्च स्लाइडवर चार ओळी जिथे बसत होत्या तिथे तीनच बसतात. मी पुण्यात मॅकवर काम करते, माहेर पैठण. मॅकवर मंगलची फाईल आली की कोहिनूर देवनागरीत उघडते आणि सगळ्या चौकटी हलतात. मी नोटो सॅन्स देवनागरीवर स्थिरावले आहे.

---

गोदातीर | मंगळवार, दुपारी 2.30

नोटोची उंची काय कमी आहे का? मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. जागा ही लागणारच. स्लाइडवर सात ओळी कोंबायच्याच कशाला?

---

पैठणीचा_काठ | मंगळवार, दुपारी 2.41

साहेबांना सांगा ते. त्यांना एका स्लाइडवर अख्खा अहवाल हवा असतो.

---

लातूरची_तूर | मंगळवार, दुपारी 3.05

सगळ्या स्लाइडचे फोटो काढा, म्हणजे जेपीजी करा, आणि त्याची पीडीएफ करा. ना फॉन्ट, ना खुर्च्या. मी लग्नपत्रिका अशीच पाठवतो.

---

दुधनाकाठ | मंगळवार, संध्याकाळी 6.20

@लातूरची_तूर, प्रोजेक्टरवर दाखवून विषय संपणार असेल तर चालेल, थट्टा करत नाही. पण मोबाईलवर मोठं करून बघितलं की आकडे धूसर होतात, शोधता येत नाही आणि फाईल फुगते. गावातल्या रेंजवर उतरायची म्हणजे वाट बघा.

मुक्ता की नोटो यात मी पडत नाही. कुठलाही एकच घ्या, दोन्ही मशीनवर तोच टाका, आणि चौकट भरायच्या आधी टाका. चौकटी आखून झाल्यावर फॉन्ट बदलला की परत आखाव्या लागतात.

विंडोजवर टाकताना फॉन्टच्या फाईलीवर उजवं बटण दाबून "Install for all users" निवडा. नुसतं Install केलं तर तो त्याच लॉगिनपुरता बसतो. दुसऱ्या लॉगिननं बसलेला माणूस म्हणतो, "काल तर होता, आज गेला."

---

शिवारफेरी | मंगळवार, रात्री 11.30

आज संध्याकाळपासून हेच करतेय. अहवाल देते.

मुक्ता दोन्हीकडं टाकला. बारा ते 34 स्लाइड निवडून लावला. ओळी आता दोन्ही मशीनवर एकाच जागी तुटतात, हे बघून निम्मा जीव खाली आला. तीन स्लाइडवर अक्षर 24 वरून 22 करावं लागलं.

अकरा स्लाइडचा मजकूर नेटवरच्या एका पानावर टाकून युनिकोड केला. सरळ अख्खी स्लाइड उचलली, तिथंच फसले. साठवण क्षमतेच्या आकड्यापुढं इंग्रजीत TCM लिहिलेलं होतं, त्याचं "ज्ब्ड" झालं. चौथ्या स्लाइडवर शिवारच्या जागी "थ्शवार" आलंय, हे कसं झालं कळेना. आणि शेतकऱ्यांचं "शेतकर्यांना", बंधाऱ्याचं "बंधार्याचे", खोऱ्याचं "खोर्यातील" असं सगळीकडं रफार चढलंय.

मग मी हुशारी केली. एकदम सगळीकडं "र्या" च्या जागी "ऱ्या" टाकलं. आता "पंचायत समिती काऱ्यालय", "पऱ्यावरण" आणि "पऱ्याय" झालंय. 😭

---

लातूरची_तूर | मंगळवार, रात्री 11.36

मऱ्यादा सोडली तुम्ही, ताई.

---

रेमिंग्टनकाका | बुधवार, सकाळी 6.10

हसू आवरेना. T अर्धा ज, C अर्धा ब आणि M म्हणजे ड. मशीननं इमानदारीत काम केलं, TCM इंग्रजीत आहे हे त्याला कोण सांगणार?

थ्शवारचं कारण सांगतो. तुमच्याकडच्या कुणीतरी, मूळ f'kokj होतं तिथं, कृतीदेव नसलेल्या मशीनवर हात लावलाय. वाक्याचं पहिलं अक्षर पॉवरपॉइंट आपोआप मोठं करतो. f चं F झालं. f ही वेलांटी, F हा अर्धा थ. आम्ही कृतीदेवात बसायच्या आधी ऑटोकरेक्ट बंद करायचो ते याच्यासाठीच. त्या अकरा स्लाइडमध्ये ओळींची सुरुवात तेवढी डोळ्यांनी तपासा, अजून एकदोन निघतील.

ऱ्या आणि र्या चं मात्र मशीनवर सोडू नका. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. दोन्ही शब्द खरे, स्पेलचेकला काय कळणार पंगतीत कोण कुठं बसलंय ते?

---

शिवारफेरी | बुधवार, सकाळी 7.45

काका 🙏 चौथ्या स्लाइडवर मागच्या वर्षी आमच्या ऑपरेटरनं गावांची संख्या बदलली होती, आत्ता आठवलं. आणि तसलंच आणखी एक आठव्या स्लाइडवर सापडलं.

---

दुधनाकाठ | बुधवार, सकाळी 9.00

ताई, घाबरू नका. रूपांतराच्या आधीची प्रत ठेवली असेल तर परत तिथून सुरू करा. यावेळी दोन गोष्टी बदला.

अख्खी स्लाइड उचलू नका. फक्त कृतीदेव लावलेला मजकूर उचला. इंग्रजी शब्दावर कर्सर ठेवला की चौकटीत फॉन्टचं नाव बदलतं, त्यावरून ओळखता येतं. अकराच स्लाइड आहेत, तासाभराचं काम. पानसुद्धा कृतीदेवचंच निवडा. प्रत्येक जुन्या फॉन्ट घराण्याची मांडणी वेगळी असते, श्रीलिपीचा मजकूर कृतीदेवच्या पानात टाकला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा मिळतो.

रफाराचं असं की यातली बरीच पानं हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली. हिंदीला ऱ्या लागत नाही, म्हणून आपला ऱ्या तिथं वाऱ्यावर. आंधळेपणानं "र्या" बदलायचं नाही, त्याच्या आधीचं अक्षर सोबत घ्यायचं. "कर्या" च्या जागी "कऱ्या" टाकलं की शेतकऱ्यांचं काम झालं आणि "कार्यालय" ला धक्का लागत नाही, कारण तिथं मध्ये काना आहे. "धार्या" नं बंधारे सुटतील, "खोर्या" नं खोरं. तुमच्या विषयात असे पाचसहाच शब्द असतील. शेवटी एकदा "र्या" शोधून उरलेले नजरेखालून घाला.

हातानं टाईप करायचं तर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून j दाबलं की ऱ येतो, मग हलन्त, मग य. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून हेच रूप काढतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण ते न दिसणारं चिन्ह वाटेत कुठं गळालं की रफार चढतं. म्हणून ऱ चा रस्ता बरा.

---

गोदातीर | बुधवार, सकाळी 10.15

ठिपक्यांच्या गोलाचं कुणी सांगितलंच नाही. ताई, तुम्ही अ लिहून त्यावर वेगळा चंद्र दिलाय. ते दोन तुकडे जोडायला प्रोग्राम तयार नाही, म्हणून चंद्राखाली गोल धरून दाखवतो. "ॲ" हे आता स्वतंत्र अक्षर आहे, 2008 पासून युनिकोडात आहे. तेच टाका. मुक्तात ते आहे, फार जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन दिसेल.

---

शिवारफेरी | बुधवार, रात्री 10.20

जमलं! अकरा स्लाइड परत केल्या. कार्यालय कार्यालयच राहिलं. गोल पण गेला.

आता इम्प्रेसमधून पीडीएफ केली. दिसायला छान आहे. पण ही मोबाईलवर अशीच दिसेल, हे पाठवायच्या आधी कसं कळावं?

---

दुधनाकाठ | बुधवार, रात्री 10.45

ॲक्रोबॅट रीडरमध्ये File, Properties, तिथं Fonts चं पान. प्रत्येक नावापुढं "Embedded Subset" लिहिलेलं पाहिजे. म्हणजे वापरलेली अक्षरं फाईलीच्या पोटात आहेत, मोबाईलवर काही लागत नाही. लिनक्सवर असाल तर टर्मिनलमध्ये:

```
pdffonts shivar.pdf
```

emb च्या खाली सगळीकडं yes हवं. आणि नावं वाचा. नुसता मुक्ता लावला असेल तर देवनागरीसाठी मुक्ताच दिसला पाहिजे. लोहित दिसला तर कुठंतरी अजून उसनवारी चालू आहे.

---

शिवारफेरी | बुधवार, रात्री 11.05

हे बघा:

```
name                     emb sub uni
BAAAAA+Mukta-Regular     yes yes yes
CAAAAA+Mukta-Bold        yes yes yes
DAAAAA+Lohit-Devanagari  yes yes yes
```

मधले रकाने काढून टाकलेत. लोहित आहेच! कुठं शोधू 34 स्लाइडमध्ये?

---

गोदातीर | बुधवार, रात्री 11.12

पानागणिक विचारा त्याला. पहिली निम्मी, मग त्यातली निम्मी, असं करत जा. पाचसहा वेळात सापडतो.

```
pdffonts -f 18 -l 34 shivar.pdf
```

---

शिवारफेरी | बुधवार, रात्री 11.40

सापडला, 27 नंबरची स्लाइड. पावसाचा आलेख. आलेखाखालची महिन्यांची नावं. मी अख्खी स्लाइड निवडून मुक्ता लावला होता, पण आलेखानं ऐकलंच नाही. आलेखात आत जाऊन बदलला, लोहित गेला.

---

पैठणीचा_काठ | गुरुवार, सकाळी 8.20

आलेखाचा मजकूर वेगळा सांभाळावा लागतो, मीही त्यात पोळले आहे. आणि जुन्या स्लाइडवर चित्र म्हणून चिकटवलेले नकाशे असतील तर तेही बघा. काही चित्रांच्या आत मजकूर जिवंत असतो, जुन्या फॉन्टच्या नावासकट. फॉन्ट नसला की नकाशावरच इंग्रजी उमटतं आणि बाहेरून कुठलीही अदलाबदल तिथे पोचत नाही.

---

शिवारफेरी | गुरुवार, सकाळी 9.05

अगदी! सहाव्या स्लाइडवर गावाच्या नकाशात ओढ्याच्या बाजूला ik.kh असं लिहिलंय. काकांच्या कृपेनं आता मलाही वाचता येतं, "पाणी" आहे ते. त्यावर पांढरी पट्टी टाकून नव्यानं लिहिलं.

---

फ्लेक्सवाला_उदगीर | गुरुवार, दुपारी 12.30

पांढरी पट्टी! आमच्या धंद्यातली बाई आहे ही. 😄

दुधनाकाठ सर, माझं कोरलचं पण सांगा की कुणी.

---

दुधनाकाठ | गुरुवार, दुपारी 1.10

@फ्लेक्सवाला_उदगीर भाऊ, तुमचा खेळ उलटा आहे. तुमच्याकडं युनिकोड येतंय आणि फॉन्ट जुना लावलाय, म्हणून चौकोन. आवृत्ती कोणती आणि फॉन्ट कोणता हे लिहून वेगळा धागा काढा, इथं गर्दी होईल.

---

शिवारफेरी | शुक्रवार, रात्री 8.15

बैठक झाली. त्यांच्याकडचा कॉम्प्युटर वेगळाच निघाला, त्यावर पॉवरपॉइंटही नव्हतं. पीडीएफ उघडली आणि सगळ्या 34 स्लाइड जशाच्या तशा दिसल्या. ग्रामपंचायतींच्या गटावरही पाठवली, कुणाची तक्रार नाही.

एक मात्र राहिलं. तिथल्या एका बाबूंनी पीडीएफमधला परिच्छेद उचलून त्यांच्या वर्डमध्ये चिकटवला, तर "शिवार" चं "िशवार" झालं आणि काही जोडाक्षरं सुटली. दिसतंय नीट, शोधलं तर काही शब्द सापडतात, काही नाहीत. pdffonts मध्ये uni खाली तर yes आहे. मग हे काय?

---

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री 9.00

अभिनंदन. याला माझ्याकडं पूर्ण औषध नाही. पीडीएफ ही अक्षरांच्या आकृत्या पानावर कुठं ठेवायच्या ते लिहून ठेवते. पहिली वेलांटी पानावर श च्या डावीकडं असते, म्हणून उचलताना ती आधी येते. जोडाक्षराची एकच आकृती असते, तिची मूळ अक्षरं कोणती याची नोंद कधी पूर्ण असते, कधी नाही. uni खालचं yes म्हणजे नोंदवही आहे इतकंच, ती बरोबर लिहिलीय असं नाही. कुठल्या प्रोग्राममधून पीडीएफ केली आणि कुठल्या वाचकात उघडली यावरही फरक पडतो. ज्यांना मजकूर उचलायचाय त्यांना pptx च द्या.

---

गोदातीर | शुक्रवार, रात्री 9.20

इम्प्रेसच्या पीडीएफ निर्यातीत "Hybrid PDF" म्हणून एक टिक असते. तिनं मूळ फाईल पीडीएफच्या आतच ठेवली जाते. तीच पीडीएफ लिबरऑफिसमध्ये उघडली की मूळ स्लाइड मिळतात. बाबूंकडं लिबरऑफिस असेल तर.

---

शिवारफेरी | शुक्रवार, रात्री 9.32

नाही हो, त्यांच्याकडं वर्डच आहे. आणि त्यात त्यांनी कृतीदेव लावून ठेवलाय.

---

रेमिंग्टनकाका | शुक्रवार, रात्री 9.40

बाबूंना माझा नमस्कार सांगा.